सर्व्हेचा निकाल आला पण त्यातून काही कळत नाहीये: सोसायटी ग्रुप

सेक्रेटरी, बी-४०२: नमस्कार मंडळी, मागच्या आठवड्यात मेंटेनन्सचा जो फीडबॅक फॉर्म पाठवला होता तो ४२ जणांनी भरला, सगळ्यांचे मनापासून आभार. पण काल रात्री मी आणि खजिनदार तो उघडून बसलो आणि खरं सांगू का, लिफ्टच्या कंपनीला काय सांगायचं तेच ठरेना. लिफ्टच्या प्रश्नाची सरासरी बरोब्बर ३ आली.

ए-१०१: ३ म्हणजे ठीकठाक ना? मग प्रॉब्लेम काय

सेक्रेटरी, बी-४०२: मलाही आधी तसंच वाटलं. मग आकडे सुटे करून बघितले तर १३ जणांनी ५ दिलेत, ५ जणांनी ४, ७ जणांनी ३, तिघांनी २ आणि १४ जणांनी १. म्हणजे ठीकठाक म्हणणारे फक्त ७, बाकीचे बहुतेक लोक एकतर एकदम खूश किंवा एकदम वैतागलेले. दोन्ही मिळून सरासरी मधोमध आली आणि ती बघून वाटतं की सगळं बरं चाललंय. बहुतेक एका विंगची लिफ्ट चांगली आणि दुसरीची खराब असणार, पण फॉर्ममध्ये मी विंग विचारलीच नव्हती, ती चूक माझी.

ए-१०१: आम्ही तळमजल्यावर, लिफ्ट वापरतच नाही. प्रश्न सोडता येईना म्हणून मी ३ दिले

बी-३०४: इथेच घोळ होतो बघा. मी ऑफिसमध्ये हेच काम करते, लोकांचे फीडबॅक वाचायचं, म्हणून सांगते. ३ म्हणजे "मी वापरलं आणि मला ना चांगलं ना वाईट वाटलं". माहीत नाही किंवा वापरत नाही हे त्यात बसत नाही. "लागू नाही" असा पर्याय असेल तर तो निवडायचा, आणि नसेल आणि प्रश्न सोडता येत असेल तर सोडून द्यायचा, रिकामं उत्तर चुकीच्या उत्तरापेक्षा कधीही बरं. सोडताच येत नसेल तर ३ द्या पण खाली बॉक्समध्ये लिहा की लिफ्ट वापरत नाही, म्हणजे वाचणारा ते उत्तर बाजूला काढू शकतो.

ए-६०१ काका: मी लिफ्टला १ नंबर दिला आहे. आमची लिफ्ट उत्तम चालते.

सेक्रेटरी, बी-४०२: काका, फॉर्ममध्ये १ म्हणजे अजिबात समाधानी नाही आणि ५ म्हणजे पूर्ण समाधानी असं होतं 🙏

ए-६०१ काका: अरेरे. मला वाटले १ नंबर म्हणजे पहिला नंबर, सर्वात चांगला. तसे असेल तर माझे ५ धरावेत.

बी-३०४: काका तुमचं काही चुकलं नाही, असं भरपूर जण करतात, काही फॉर्ममध्ये खरंच १ म्हणजे उत्तम असतं. म्हणून पहिल्या प्रश्नाला थांबून दोन्ही टोकांना काय लिहिलंय ते वाचायचं, मग पुढचं भरायचं. आणि सेक्रेटरी, वाचताना पण हे ओळखता येतं, आकडा १ आणि खाली कमेंट "उत्तम सेवा" असं दिसलं की समजायचं स्केल उलटी वाचली गेलीय. कमेंट काहीच नसेल तर मात्र ओळखायला मार्ग नाही.

ए-३०२ वहिनी: मी पण एक कबूल करते. मी दहाच्या दहा प्रश्नांना ४ दिलेत. जिने पुसणाऱ्या मावशींबद्दल वाईट लिहिलं आणि त्यांचं काम गेलं तर, असं वाटलं. बिचाऱ्या एकट्या सगळं करतात

बी-३०४: वहिनी तुमची भावना बरोबर आहे, पण ४ ने त्यांना मदत होत नाहीये. जिना ओला राहतो हे तुम्ही म्हणत होता ना परवा, मग जिन्याच्या स्वच्छतेला जे वाटतं ते द्या, २ तर २, आणि खाली कारण लिहा की दोन्ही विंगचे जिने दोन तासांत एकटीने पुसायचे म्हटल्यावर कोरडा फडका मारायला वेळच उरत नाही. आता हा २ मावशींवर जात नाही, कामाच्या वाटणीवर जातो. कारण न लिहिता नुसता २ दिला तर तो त्यांच्यावरच येईल, आणि ४ दिला तर कमिटी म्हणणार सगळं छान आहे, दुसरं माणूस कशाला.

ए-३०२ वहिनी: हे पटलं. असा विचारच केला नव्हता

बी-५०१: मी लिहिलं होतं सविस्तर. "लिफ्ट अतिशय खराब आहे, कमिटीने लवकरात लवकर लक्ष घालावे"

बी-३०४: दादा राग पोचला पण मेकॅनिक आला तर तो काय बघणार? नक्की काय होतं सांगा ना, कुठल्या मजल्यावर, कधी

बी-५०१: दार लागत नाही. तिसऱ्या मजल्यावर. हाताने ओढून धरलं की मग सुरू होते. आठवड्यातून दोन-तीन वेळा तरी, सकाळी मुलांच्या शाळेच्या वेळेला. साधारण १५ दिवस झाले. आईला गुडघ्यांमुळे जिना चढता येत नाही, ती दोनदा खाली बसून राहिली

बी-३०४: बस, हेच लिहायचं होतं, हे जसंच्या तसं! काय होतं, कुठे, किती वेळा, कधीपासून आणि त्यामुळे कोणाचं काय अडतं.

बी-२०३: मी लिफ्टचं काम जवळून बघितलंय, एकाच मजल्यावर दार अडत असेल तर आधी त्या मजल्याचं बाहेरचं दार आणि त्याची खालची खाच बघतात, खाचेत खडा किंवा कचरा अडकला तरी असं होतं. सगळ्या मजल्यांवर होत असेल तर मग लिफ्टच्या स्वतःच्या दारात गडबड असण्याची शक्यता जास्त. "तिसरा मजला" या दोन शब्दांनी मेकॅनिकचा अर्धा वेळ वाचतो

सेक्रेटरी, बी-४०२: हे आत्ताच कंपनीला पाठवतो. ४२ फॉर्ममधून जे कळलं नाही ते या एका मेसेजमधून कळलं. कमेंटचा बॉक्स मी कंपलसरी ठेवला होता तर २३ जणांनी नुसतं टिंब, "ओके" नाहीतर "काही नाही" लिहिलंय.

बी-३०४: कंपलसरी काढून टाका, ज्याला सांगायचंय तो लिहील. अजून एक, "सिक्युरिटी वेळेवर हजर असते आणि नीट वागते का" हा एकच प्रश्न होता. आमचा रात्रीचा वॉचमन बोलायला फार चांगला पण उशिरा येतो, आता एकच आकडा कसा देणार? मी २ दिला आणि खाली लिहिलं की हा २ वेळेबद्दल आहे, वागणुकीला ५. पण सगळे तसं लिहिणार नाहीत, तुम्ही प्रश्नच दोन करा.

ए-१०१: आणि किती दिवसांचं धरायचं? काल लिफ्ट बंद पडली म्हणून १ द्यायचा का

बी-३०४: फॉर्ममध्ये लिहिलं असेल तेवढंच धरायचं. मागचे तीन महिने म्हटलं असेल तर मनात मोजा, या तीन महिन्यांत किती वेळा त्रास झाला, आणि मग आकडा द्या. कालचा प्रकार मोठा असेल तर तो तारखेसकट कमेंटमध्ये लिहा, कालच्या रागात तीन महिन्यांचा आकडा नको, आणि काल दुरुस्त झाली म्हणून आधीचा त्रास विसरून ५ पण नको.

सेक्रेटरी, बी-४०२: चला, मग फॉर्म बदलून उद्या पुन्हा पाठवतो. विंग विचारतो, नाव आणि फ्लॅट नंबर नाही, "लागू नाही" टाकतो, सिक्युरिटीचे दोन प्रश्न करतो, वर ठळक लिहितो की ५ म्हणजे सगळ्यात चांगलं आणि मागच्या तीन महिन्यांचं सांगा. जुनी उत्तरं धरणार नाही, त्यामुळे सगळ्यांनी परत भरा प्लीज.

ए-६०१ काका: मी भरतो. पाठवण्याआधी एकदा आकडे आणि खालचे लिहिलेले जुळते का ते वाचून बघेन.

बी-५०१: लिफ्टवाले कधी येणार ते पण टाका ग्रुपवर, आईला सांगायचंय