'काइंडली एन्शुअर रेग्युलॅरिटी' म्हणजे नक्की काय समजायचं?

दहावीची_आई: मुलगा सीबीएसई दहावीला आहे. काल शाळेचा मेल आला, विषय 'अटेंडन्स स्टेटस'. त्यात पाल्याचं नाव, 30 सप्टेंबरपर्यंत 100 पैकी 70 दिवस हजर, 'काइंडली एन्शुअर रेग्युलॅरिटी', आणि मेडिकल कारण असल्यास 'डॉक्युमेंट्स मे बी सबमिटेड बाय 10 ऑक्टोबर'. ही वॉर्निंग आहे, नुसतं कळवणं आहे, की काही करायचंय? नवरा म्हणतो असले मेल येतच असतात, सोड.

सदाशिव_बाबा: नवऱ्याशी सहमत. आमच्या शाळेतून आठवड्याला चार-पाच मेल येतात, गॅदरिंगचा ड्रेस, बसचा रूट, काय वाट्टेल ते. खरंच वॉर्निंग असती तर विषयातच तसं लिहिलं असतं नाहीतर सरळ फोन आला असता.

खडूची_धूळ: बाबा, फोनचं कुणी रेकॉर्ड ठेवत नाही हो, म्हणूनच मेल येतो. 22 वर्षं वर्गशिक्षिका होते, असले मेल मीच टाइप केलेत. विषयाची ओळ सगळ्यांना तीच जाते, 95 टक्केवाल्यालाही 'अटेंडन्स स्टेटस'च. बघायचं असतं ते आत, की आकडा तुमच्या मुलाचा आहे का. 'डिअर पेरेंट्स, 75 टक्के हजेरी आवश्यक' एवढंच असतं तर ती सूचना, वाचून सोडून द्या. इथे नाव आहे, 70 आहे, म्हणजे 75 च्या खाली, ही वॉर्निंगच. आणि शेवटच्या ओळीत तारीख आलीय म्हणजे ते काम आहे, तुमच्यासाठी. 'मे बी'वर जाऊ नका, त्याचा अर्थ 'वाटलं तर द्या' असा नसतो, नंतर आलात तर आम्ही कळवलं होतं असा असतो. हजेरी कमी पडत असेल तर पालकांना लेखी कळवा आणि नोंद ठेवा असं बोर्डाचंच शाळांना सांगणं आहे, हा मेल म्हणजे ती नोंद.

गोदाकाठ: एवढं घाबरवू नका हो ताईंना, 25 टक्के सूट मिळते की बोर्डाकडून.

खडूची_धूळ: मिळते, पण मागितली की मिळाली असं नाही. गंभीर आजारपण, आई-वडिलांपैकी कुणी जाणं, राष्ट्रीय पातळीवरचा खेळ असली कारणं लागतात, कागद लागतात, आणि ठरवतं बोर्ड, शाळा नाही. मावसभावाचं लग्न त्यात बसत नाही.

हिशोब करून बघा ना. हजेरी 1 जानेवारीपर्यंतची धरतात. दिवाळीची सुट्टी सोडून तोवर अजून 60 दिवस शाळा भरेल असं धरू (नेमका आकडा शाळेतून घ्या), एकूण झाले 160. त्याचे 75 टक्के 120. सत्तर झालेत, म्हणजे 60 पैकी 50 दिवस जायलाच हवं. हातात फक्त 10 दांड्या.

मुंबई_लोकल: मला फीचा 'जेंटल रिमाइंडर' तिसऱ्यांदा आलाय, फी तर भरलीय, तो पण वॉर्निंगच का?

सदाशिव_बाबा: पावती पाठवा आणि झोपा. धागा हजेरीचा आहे.

लीड्सची_वहिनी: इंग्लंडात आम्ही असंच फसलो. 'नोटीस टू इम्प्रूव्ह' असं पत्र आलं, मला वाटलं अभ्यासात सुधारणा वगैरे, पण ती दंडाआधीची शेवटची संधी निघाली. इथे परवानगीशिवाय 10 शाळेच्या आठवड्यांत 10 सेशन बुडली की दंडाचा विचार सुरू होतो, आणि सेशन म्हणजे अर्धा दिवस, म्हणजे पाचच दिवस झाले! 2024 पासून दंड 80 पौंड, 21 दिवसांत नाही भरला तर 160, आणि तोही एकेका पालकाला. म्हणून आता मी नावाला बघतच नाही, पत्रात तारीख आहे का आणि पुढे काय होणार ते लिहिलंय का, तेवढंच शोधते.

सदाशिव_बाबा: बरं, मग शाळेने सरळ लिहावं ना, 10 तारखेनंतर कागद घेणार नाही. पालकांनी ओळींमधलं वाचत बसायचं का?

खडूची_धूळ: हे तुमचं खरं आहे. मी एकदा 'अन्यथा परीक्षेला बसता येणार नाही' असं लिहिलं होतं, मुख्याध्यापकांनी ती ओळ काढली, पालक भांडायला येतात म्हणाले. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं.

गोदाकाठ: तरी मला वाटतं सप्टेंबरचा मेल वॉर्निंग नसतो, खरी वॉर्निंग डिसेंबरात येते.

खडूची_धूळ: डिसेंबरात भरून काढायला दिवस कुठे उरतात?

दहावीची_आई: 30 पैकी 19 दिवस डेंग्यू होता. तेव्हा टीचरना व्हॉट्सॲप केलं होतं, ते धरतील का?

खडूची_धूळ: त्यावर विसंबू नका. रजेचा लेखी अर्ज, डॉक्टरांचं सर्टिफिकेट, रक्ताचे रिपोर्ट, डिस्चार्ज पेपर असेल तर तोही. अर्ज खरं तर तेव्हाच द्यायचा असतो, आता घ्यायचा की नाही ते शाळा ठरवेल, म्हणून 10 ची वाट न बघता उद्याच जा. कॉपीवर सही-शिक्का घ्या आणि त्याच मेलला उत्तर म्हणून स्कॅनही पाठवा.

दहावीची_आई: रिपोर्ट आहेत सगळे, उद्या जाते. उरलेल्या 11 दिवसांचं काय ते मुलालाच विचारते, कारण मला तर ते आत्ता कळतंय.