सल्ला हवा: पंधराव्या वर्षी चुकीचं जन्मसाल टाकलं, विसाव्या वर्षी खातं बंद झालं

मनवा_
नमस्कार मंडळी. मार्च २०१९ मध्ये मी एका सोशल साइटवर खातं उघडलं. तेव्हा त्यांनी जन्मतारीख विचारली नव्हती. "माझं वय १३ किंवा त्याहून जास्त आहे" असा एक चौकोन होता, त्यावर टिक केली. ते खरंही होतं, मी साडेतेरा वर्षांची होते. पुढे जानेवारी २०२१ मध्ये अ‍ॅप उघडताना जन्मतारीख भरल्याशिवाय पुढे जाऊ देईना. घाईघाईत सालाचं चाक फिरवलं आणि १४ ऑगस्ट २००५ च्या जागी १४ ऑगस्ट २००७ ठेवून "पुढे" दाबलं. मग विसरून गेले.

परवा खातं बंद झालं. कारण दिलंय: वयाची अट पूर्ण होत नाही. अपिलासाठी १४ दिवस आहेत, त्यातले दोन गेले. सात वर्षांच्या गप्पा, फोटो सगळं आत आहे आणि दोन-तीन इतर साइटींचं लॉगिनही याच खात्यावरून होतं.

मला कळत नाही ते हे, की त्या चुकीच्या तारखेनेसुद्धा मी आज अठरा पूर्ण आहे. मग अडवतात कशासाठी? आणि पुरावा म्हणून नक्की काय पाठवू?

बिनधास्त_बंडू
सोप्पंय. फॉर्ममध्ये क्रेडिट कार्डाचा पर्याय असेल तर तो घे. माझं ईमेल खातं असंच अडकलं होतं, कार्ड टाकल्यावर पाच मिनिटांत सुटलं. ओळखपत्र वगैरे कशाला पाठवत बसतेस.

सुताराचा_पोर
इथेच विचारतो, वेगळा धागा काढत नाही. बाबांच्या वर्कशॉपचं पान मी बनवलं होतं. जन्मतारखेच्या जागी वर्कशॉप सुरू झालं ती तारीख टाकली, २०१५ ची. पान लगेच बंद. वर्कशॉपचं ओळखपत्र कुठून आणू?

रात्रपाळी
मनवा, मी दोन वर्षं अशाच अपिलांच्या रांगेवर काम केलंय (कुठे ते सांगणार नाही), त्यामुळे पलीकडच्या बाजूला काय दिसतं ते सांगतो.

आधी तुमचा प्रश्न. तुम्ही आजचं वय मोजताय, ते खातं उघडल्या दिवशीचं मोजतायत. ९ मार्च २०१९ ला खातं उघडलं असं धरू. जन्म १४ ऑगस्ट २००७ चा असेल तर त्या दिवशी तुम्ही साडेअकरा वर्षांच्या होता. अमेरिकेच्या कॉपा कायद्याप्रमाणे १३ वर्षांखालच्या मुलाची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करता येत नाही. मोठ्यांसाठी चालवलेल्या साइटला हा कायदा लागू होतो तो "या मुलाचं वय कमी आहे हे आम्हाला माहीत आहे" अशी स्थिती आली की. २०१९ मध्ये त्यांना तुमचं वय माहीत नव्हतं. २०२१ मध्ये तुम्हीच ते त्यांना लिहून दिलंत. आता कधीतरी त्यांनी दोन्ही तारखा एकमेकींशी ताडून पाहिल्या असतील आणि तुमचं नाव यादीत आलं असेल. आज तुम्ही मोठ्या झालात म्हणून २०१९ मध्ये घेतलेली माहिती नियमात बसत नाही.

हे काही नवीन नाही. मे २०१८ मध्ये ट्विटरने याच हिशेबाने बरीच खाती बंद केली, आणि त्यातले कित्येक लोक तेव्हा चांगले मोठे होते. सुताराच्या पोरासारखे स्थापनेची तारीख टाकणारे त्याही वेळी अडकले होते. आणि मार्च २०२१ मध्ये "जन्मसाल २००७ करा, रंगीत फीड मिळेल" अशी थाप पसरली होती. ज्यांनी केलं त्यांची खाती त्याच क्षणी बंद. ट्विटरला स्वतःला सांगावं लागलं की बाबांनो, असं करू नका.

म्हणून बंडूचा उपाय त्याच्यासाठी बरोबर होता, तुमच्यासाठी नाही. क्रेडिट कार्डावरून "हा माणूस आज सज्ञान आहे" एवढंच कळतं. चेहऱ्याचा व्हिडिओ घेऊन वयाचा अंदाज बांधतात त्याचंही तेच, तो आजच्या चेहऱ्याचा अंदाज. तुम्हाला सिद्ध करायचंय की मार्च २०१९ ला तेरा पूर्ण होती. त्याला छापील जन्मतारीखच लागते.

बिनधास्त_बंडू
अच्छा, माझ्याकडे फक्त आज १८ आहेस का एवढंच विचारलं होतं. हा फरक लक्षात आला नव्हता.

रात्रपाळी
आता अपील कसं बघतात ते. तपासणाऱ्यासमोर एक पान उघडतं. त्यावर खातं उघडल्याची तारीख, आत्ताची जन्मतारीख, ती आधी किती वेळा बदलली त्याचा इतिहास, तुम्ही जोडलेला फोटो आणि तुम्ही लिहिलेला मजकूर. तुमच्या गप्पा आणि फोटो चाळून "ही मुलगी मोठी दिसते" असं कोणी ठरवत नाही. एका अपिलाला मिनिटं मोजून मिळतात. तेवढ्यात तीन गोष्टी बघायच्या: कागद वाचता येतोय का, तो खातेदाराचाच आहे का, आणि त्यावरची तारीख अडचण सोडवते का.

सगळ्यात जास्त अपिलं पडतात ती दुसऱ्या प्रश्नावर. कागदावर पूर्ण नाव, खात्यावर टोपणनाव. तपासणाऱ्याला मोठ्या भावाचं ओळखपत्र पाठवणारी पोरं रोज दिसतात, त्यामुळे शंका आली की नकार. म्हणून काही सेवा चेहऱ्याशेजारी ओळखपत्र आणि खात्याचं नाव लिहिलेला कागद धरून फोटो मागतात. मागितला नसेल तरी तुम्ही तसाच पाठवा.

पासपोर्ट किंवा वाहन परवाना चालतो, मुदत संपलेला नको. चारही कोपरे दिसू द्या, चकाकी नको. क्रमांक आणि पत्ता झाकायची मुभा बहुतेक ठिकाणी असते, पण कागदाची पट्टी ठेवून झाका आणि मग फोटो काढा. फोटो काढून मोबाइलमध्ये त्यावर काळा चौकोन रंगवला की फोटोत फेरफार केल्यासारखं दिसतं. नाव, फोटो आणि जन्मतारीख मात्र उघडी हवी.

मजकुरात कहाणी नको. "खातं ९ मार्च २०१९ ला उघडलं. खरी जन्मतारीख १४ ऑगस्ट २००५, म्हणजे तेव्हा वय १३ वर्षं ६ महिने. जानेवारी २०२१ मध्ये साल चुकून २००७ निवडलं गेलं." एवढंच. हिशेब तुम्ही करून दिला की पलीकडच्याला करावा लागत नाही. आणि चारदा अपील करू नका. आमच्याकडे तरी दुसरं आलं की पहिलं त्यात मिसळून पुन्हा रांगेच्या शेवटी जायचं.

सुताराच्या पोरा, वर्कशॉपचं नाही, पान चालवणाऱ्या माणसाचं ओळखपत्र लागतं. तू चालवतोस तर तुझं.

शंकेखोर
सगळं ठीक, पण ओळखपत्राचा फोटो द्यायचा का हा प्रश्न कोणीच विचारत नाहीये. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्डने जाहीर केलं की ग्राहकसेवेचं काम बघणाऱ्या बाहेरच्या कंपनीमार्फत सुमारे ७०,००० लोकांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो उघड झाले असावेत. ते फोटो वयाच्या अपिलांसाठीच दिलेले होते. म्हणजे नेमकी हीच रांग. सात वर्षांच्या गप्पांसाठी पासपोर्ट देण्यापेक्षा मी नवीन खातं उघडलं असतं.

रात्रपाळी
यावर वाद घालणार नाही. अशी अपिलं बऱ्याचदा बाहेरच्या कंपनीकडेच जातात, मीही तसल्याच कंपनीत होतो. काम झालं की फोटो पुसतो असं लिहिलेलं असतं, पण पुसला का हे तुम्हाला बघता येत नाही. म्हणून क्रमांक झाका म्हणालो. आणि फोटो फक्त त्यांच्या फॉर्ममधून द्या. "खातं परत मिळवून देतो" म्हणणारे मेसेज आता येतील, त्यांना काहीही पाठवू नका.

नव्या खात्याबद्दल एकच. नवीन उघडलं तरी चालेल, पण जुनं अपील चालू असेपर्यंत थांबा. काही ठिकाणी तेही बंदी चुकवणं धरतात.

केतकी
माझ्या मते पालकांचं संमतिपत्र जोडलं तर पटकन होईल ना? आईची सही घेऊन?

रात्रपाळी
नका. संमतिपत्र जोडणं म्हणजे तेव्हा वय तेराच्या खाली होतं हे मान्य करणं. इथे म्हणणं उलट आहे.

मनवा_
अपडेट. पासपोर्टचा फोटो पाठवला, सहाव्या दिवशी नकार आला. "दिलेल्या माहितीवरून खातेदाराची ओळख पटवता आली नाही." बाकी काही नाही. चूक माझीच, खात्याचं नाव लिहिलेला कागद हातात धरायला विसरले. खात्यावर माझं नाव "मनू" आहे आणि पासपोर्टवर पूर्ण नाव.

रात्रपाळी
हा नकार तारखेवर नाही, ओळखीवर आहे. म्हणजे तारीख वाचता आली असावी. त्याच ईमेलला उत्तर द्या, नवीन फॉर्म भरू नका. खात्याला जोडलेल्या ईमेल पत्त्यावरूनच लिहा, तोही ओळखीचा एक धागा असतो. आणि इतर साइटींवर ईमेल-पासवर्डचं लॉगिन आत्ताच करून घ्या, निकालाची वाट बघू नका. मुदत संपून खातं पुसलं गेलं तर तिथेही दार बंद.

सुताराचा_पोर
माझं पान परत आलं. पण वर्कशॉपच्या पानावर आता माझी जन्मतारीख दिसतेय, ती लपवायची कुठे?

बिनधास्त_बंडू
प्रोफाइल संपादन, तारखेशेजारी दिवस-महिना आणि साल कोणाला दिसावं ते वेगवेगळं निवडता येतं. बहुतेक ठिकाणी असतं.

मनवा_
बाराव्या दिवशी खातं उघडलं! गप्पा, फोटो सगळं आहे. एका साइटचं लॉगिन अजून "हे खातं अस्तित्वात नाही" म्हणतंय, त्यांना वेगळं लिहिलंय. जन्मतारखेच्या जागी आता २००५ दिसतं, पण तो रकाना करडा झालाय, बदलता येत नाही. रात्रपाळी, हे कायमचं का?

रात्रपाळी
कागद बघून लावलेली तारीख सहसा अशीच कुलूपबंद ठेवतात. बरोबर आहे ना, मग असू द्या.

शंकेखोर
अभिनंदन. पासपोर्टचा फोटो पुसला का, विचारलंस?

मनवा_
विचारलंय. "आम्ही गोपनीयता धोरणाचं पालन करतो" एवढंच उत्तर आलंय. परत विचारते.