मदत हवी आहे: मिश्र द्रवणांक बाटलीतल्या नमुन्यापेक्षा खाली आला, तर पदार्थ वेगळा समजावा का?

प्रयोगवही_३: नमस्कार. मी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. अज्ञात मिश्रणातून वेगळा केलेला घन पदार्थ मी उकळत्या पाण्यातून पुनर्स्फटिकीकृत केला आणि फिल्टर पेपरांमध्ये दाबून रात्रभर ठेवला. बायकार्बोनेटमध्ये तो फसफसून विरघळतो, म्हणजे कार्बॉक्सिलिक आम्ल आहे. लिक्विड पॅरॅफिन भरलेल्या थील ट्यूबमध्ये त्याची भुकटी ११४ अंशांना आक्रसली, ११६ ला वितळू लागली आणि १२० ला पूर्ण पारदर्शक झाली. तक्त्यात बेंझॉइक आम्ल १२२ आणि मँडेलिक आम्ल ११९, अशी दोन नावे जवळ येतात. बाटलीतले बेंझॉइक आम्ल त्याच थर्मामीटरवर १२१ ते १२२ ला वितळले, तर दोहोंचे समभाग मिश्रण ११८ ते १२१ ला. मिश्रण शुद्ध नमुन्यापेक्षा खाली वितळले म्हणून पदार्थ वेगळा ठरतो, असे माझ्या जोडीदाराचे म्हणणे आहे. ते बरोबर आहे का?

स्फटिकप्रेमी: जोडीदाराचे बरोबर वाटते. मिश्र द्रवणांक खाली आला की पदार्थ वेगळे, असेच आम्हाला शिकवले होते. शिवाय दोन अंशांत वितळतो तो पदार्थ शुद्ध. तुमचा चार अंश घेतो, त्यामुळे तो शुद्धही नाही.

जुना_डेमॉन्स्ट्रेटर: दुसरे विधान तुमच्या नमुन्यापुरते खरे आहे, पहिले इथे लागू होत नाही. मिश्रणाची तुलना केवळ बाटलीतल्या नमुन्याशी नव्हे, दोन्ही घटकांशी करायची असते. तुमचे मिश्रण दोहोंच्या मधोमध वितळले आहे. बेंझॉइक आम्लात मिसळणाऱ्या अशुद्धीचे रेणू शंभरात एक असले, तर त्याचा द्रवणांक साधारण पाऊण अंशाने उतरतो. तुमचा नमुना १२२ ऐवजी १२० ला स्वच्छ झाला, म्हणजे त्यात दोन-तीन टक्के काहीतरी आहे. त्यात तेवढेच शुद्ध बेंझॉइक आम्ल घातले की अशुद्धी निम्मी होते आणि घटही निम्मी, म्हणून १२१. पदार्थ खरोखर वेगळा असता, तर मिश्रण दोन्ही घटकांच्या बरेच खाली गेले असते.

तरीही मँडेलिक आम्लाबरोबर एक मिश्रण करून पाहाच. नमुना, बाटलीतला पदार्थ आणि मिश्रण अशा तीन कॅपिलरी एकाच थर्मामीटरला शेजारी बांधा आणि ११० नंतर मिनिटाला एक-दोन अंशच तापवा, म्हणजे थर्मामीटरची चूक तिन्हींना सारखीच लागेल. बेंझॉइक आम्ल उडून कॅपिलरीच्या वरच्या भागात पांढरे बसते, ते वितळणे समजू नका. आणि ११४ ला आक्रसण्याबद्दल मला आधी ओलाव्याची शंका येते, कारण फिल्टर पेपरात दाबलेले स्फटिक एका रात्रीत पुरेसे वाळत नाहीत.

केशनलिका: माझ्याकडे ॲस्पिरिन प्रत्येक वेळी वेगळ्याच अंशाला वितळते, चार वेळा पुनर्स्फटिकीकरण करूनही. तिथेही मिश्रण करून पाहू का?

जुना_डेमॉन्स्ट्रेटर: ॲस्पिरिन वितळता वितळता विघटित होते, म्हणून आकडा तापवण्याच्या वेगावर अवलंबून राहतो. तिथे तिन्ही कॅपिलरी एकाच वेळी, एकाच वेगाने तापवल्या तरच तुलनेला अर्थ आहे.

@स्फटिकप्रेमी, दोन अंशांच्या नियमाला दोन अपवाद लक्षात ठेवा. दोन पदार्थ नेमक्या एका प्रमाणात मिसळले की मिश्रणही एकाच तापमानाला झटकन वितळते, म्हणून मिश्र द्रवणांक एकापेक्षा अधिक प्रमाणांत पाहावा. शिवाय मिठासारखी, वितळलेल्या आम्लात न विरघळणारी अशुद्धी द्रवणांक हलवतच नाही. ती द्रवात गढूळ कणांच्या रूपाने तशीच राहते.

प्रयोगवही_३: सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. मी पुन्हा एकदा पाण्यातून पुनर्स्फटिकीकरण केले आणि स्फटिक दोन दिवस डेसिकेटरमध्ये ठेवले. आता नमुना १२० ते १२१.५, बाटलीतला १२१ ते १२२ आणि त्यांची १:१ व १:४ अशी दोन्ही मिश्रणे १२०.५ ते १२२ ला वितळली. मँडेलिक आम्लाबरोबरचे समभाग मिश्रण मात्र ८० च्या आसपासच भिजल्यासारखे झाले आणि ९५ च्या आत संपूर्ण वितळले. आता ११४ ला आक्रसणेही थांबले आहे. परंतु या वेळी वाळवणे आणि पुनर्स्फटिकीकरण दोन्ही केल्यामुळे, ते ओलाव्यामुळे होते की मिश्रणातल्या दुसऱ्या घटकामुळे, हे कसे ओळखावे?

स्फटिकप्रेमी: पहिल्या वेळचे थोडे स्फटिक उरले असतील, तर तेवढेच डेसिकेटरमध्ये ठेवून पुन्हा पाहा. माझे आधीचे उत्तर चुकीचे होते, मिश्रणाची दोन्ही घटकांशी तुलना करायची हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

प्रयोगवही_३: चिमूटभर उरले आहेत. आज वाळवायला ठेवते, सोमवारी आकडे इथे लिहीन.