'वाऱ्याच्या दिशेने' म्हणजे नेमकं कुठं?

निपाणीच्या बाई: मुलांना वाळवंट शिकवतेय. गाईडमध्ये बारखाणाबद्दल, म्हणजे चंद्रकोरीसारख्या वाळूच्या टेकडीबद्दल, एक ओळ आहे, 'चंद्रकोरीची शिंगे वाऱ्याच्या दिशेने असतात.' आकृती काढायला सांगितली, तर अर्ध्या वर्गानं शिंगं वारा येतो तिकडं वळवली, अर्ध्यानं वारा जातो तिकडं. मराठी म्हणून दोन्ही बरोबर वाटतंय. मार्क कुणाला द्यायचे?

उगारचा: आमच्या बांधकामावर कृष्णेची वाळू उघड्यावर पडलीय. तिला कधी शिंगं आलेली बघितली नाहीत ओ. ताडपत्री घालायची तर वाऱ्याकडनं की मागनं?

माजी सुभेदार, खानापूर: बाई, मी बाडमेरकडं नोकरी केलीय. तिथल्या धोऱ्यांची, म्हणजे वाळूच्या टेकड्यांची, शिंगं नैर्ऋत्येला असतात, आणि उन्हाळ्यात आंधीही तिकडूनच येते. म्हणजे शिंगं वाऱ्याच्या तोंडाला. डोळ्यांनी बघितलंय, त्यांनाच मार्क द्या.

भूगोलवाले, बेळगाव: सुभेदारसाहेब, बघितलंत ते खरंच आहे, पण तो बारखाण नव्हे. थरमध्ये शिंगं वाऱ्याकडं असलेल्या टेकड्या पुष्कळ आहेत. त्या अन्वस्ताकार. मुलांना पॅराबोलिक म्हटलं तरी कळेल. नुसता आकार बघितला तर दोन्ही चंद्रकोरीच, म्हणून घोटाळा होतो.

बारखाण होतो उघड्या, टणक जमिनीवर. वाळू बेताची आणि वारा वर्षभर जवळपास एकाच बाजूचा. मध्ये ढीग उंच, कडांना वाळू थोडी. थोडी वाळू पुढं ढकलायला वाऱ्याला वेळ लागत नाही, म्हणून कडा पुढं निघतात आणि पोट मागं राहतं. त्याच कारणानं लहान बारखाण मोठ्यापेक्षा भराभर सरकतो. याची शिंगं वारा जातो तिकडं.

आता बाडमेरकडं सेवण गवत, फोग, खेजडी बघितली असेल. टेकडीच्या कडांना वाळू पातळ, ओल हाताशी, तिथं झुडपं मुळं धरतात आणि कडा जागच्या जागी अडकतात. उघडं पडलेलं मधलं पोट मात्र वाऱ्यानं पुढं जात राहतं. मग शिंगं मागं, म्हणजे वारा येतो त्या बाजूला उरतात.

माजी सुभेदार: झुडपं होती खरी. सरपणाला फोगाची मुळं उपटून नेताना बघितलीत.

निपाणीच्या बाई: मग शिंगांवरून वारा ओळखायचाच नाही की काय?

भूगोलवाले: शिंगांवरून नको, उतारावरून ओळखा. वारा ज्या बाजूनं चढतो तो उतार लांब आणि सौम्य, साधारण 10 ते 15 अंशांचा. माथ्यावरून पडलेली वाळू पलीकडं 32-34 अंशांवर घसरत थांबते. एका बाजूनं बूट जेमतेम रुततो, दुसऱ्या बाजूला पाय टाकला की वाळूसकट माणूस खाली. ही घसरण बारखाणाला शिंगांच्या आत असते, अन्वस्ताकाराला बाहेर, फुगलेल्या अंगाला. दोन्हीकडं ती वारा जातो त्या बाजूलाच. मुलांना शिंगांबरोबर हा उतारही काढायला लावा.

माजी सुभेदार: पण थंडीत एकदा माथ्यापाशी नेमका उलट्या बाजूनं घसरलो होतो.

भूगोलवाले: थंडीत तिथं हलका ईशान्येचा वारा असतो. तो माथ्याजवळचा थोडा भाग फिरवतो, खालचा मोठा उतार उन्हाळी वाऱ्याचाच राहतो. एका हिवाळ्यात टेकडी वळत नाही.

निपाणीच्या बाई: आता शब्दाचं बोला. पावसाच्या धड्यात वाताभिमुख, वातविन्मुख आहे. आंबोलीची बाजू, गोकाकची बाजू सांगितली की मुलांना चटकन कळतं. पण 'वातविन्मुख शिंगे' लिहिलं तर तोंड वाकडं करतील.

चिकोडीकर: आमच्याकडं खळ्यावर उफणताना 'वाऱ्याच्या दिशेनं उभा राहू नको' म्हणजे भुसा जातो तिकडं उभं राहू नको. मला तरी दिशा म्हणजे जाण्याचीच वाटते.

भूगोलवाले: पण हवामानाच्या बातमीत 'नैर्ऋत्य वारे' म्हणजे नैर्ऋत्येकडून येणारे. तिथं दिशा येण्याची. म्हणून मी 'वारा वाहतो त्या बाजूला' असं लिहितो. लांब आहे, पण आकृती चुकत नाही.

चिकोडीकर: तरी सगळ्या टेकड्यांना ते चालणार नाही. सैफचं काय?

भूगोलवाले: बरोबर. सैफ लांबच लांब, तिच्यावर दोन बाजूंचे वारे आलटून पालटून येतात, म्हणून घसरण कधी या अंगाला, कधी त्या. ताऱ्यासारख्या टेकडीवर तर चहूकडून वारा, ती सरकण्याऐवजी उंच वाढते. तिथं एकच बाण काढून चालत नाही.

निपाणीच्या बाई: पेपरात पुन्हा तीच ओळ आली तर?

माजी सुभेदार: बाण काढलेला असेल तर दोघांनाही अर्धे अर्धे द्या की.

चिकोडीकर: बारखाणाला अर्धे कशाला? बाण बरोबर त्याला पूर्ण.

उगारचा: माझ्या ताडपत्रीचं कुणी सांगितलंच नाही.

चिकोडीकर: वारा येतो ती कड आधी दाबा ओ, दगड ठेवून.