मदत हवी आहे: बेअरिंगच्या वर्कशीटमध्ये लेक कोन भलत्याच बिंदूवर मोजते

सायली_रेडिंग
आम्ही इंग्लंडात राहतो, लेक इयर नाइनला आहे. बेअरिंगच्या, म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजायच्या कोनांच्या, वर्कशीटवरून घरात तीन दिवस वाद चाललाय. एक प्रश्न असा: बंदरापासून दीपगृहाचं बेअरिंग ११८° आहे, तर दीपगृहापासून बंदराचं किती? तिने लिहिलंय २४२, उत्तरपत्रिकेत २९८. "३६० मधून वजा केलं, चुकलं कुठे?" म्हणते.

दुसरा: ए पासून बी ०६५°, बी पासून सी १४०°, तर कोन एबीसी किती? तिचं उत्तर ७५, छापील १०५. मला शाळेत हे नव्हतंच, त्यामुळे पटेल असं काही सांगता येत नाहीये.

गिरीश_नाशिक
एवढं काय त्यात? उलट्या बेअरिंगला नेहमी १८० मिळवायचे. ११८ + १८० = २९८. झालं.

भटका_सह्याद्री
आधी होकायंत्र तपासा. मोबाईल खिशात असला की सुई सरळ भरकटते. एकदा हरिश्चंद्रगडावर विजेच्या खांबाखाली बसून मी अर्धा तास चुकीची दिशा धरून होतो.

सायली_रेडिंग
दादा, कागदावरचं गणित आहे हो! होकायंत्र नाही, गोल कोनमापक आहे.

नंदिनी_पॉलिटेक्निक
सायली, २४२ नीट बघ, ते उत्तर स्वतःच चूक सांगतंय. बंदरावर कोनमापक ठेवून उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलं की ११८. तिथेच उलट्या बाजूने मोजलं की २४२. म्हणजे लेक बंदरावरून हललीच नाही, फक्त उलटी फिरली. ६२ लिहिलं असतं तर मी म्हटलं असतं, बिंदू बरोबर पकडला, पण घड्याळाच्या उलट मोजलं.

आता तिला दीपगृहावर उत्तर दिशेची नवी रेषा, म्हणजे उत्तररेषा, काढायला लाव. बहुतेक मुलं ही दुसरी रेषा काढतच नाहीत, गफलत तिथेच होते. दोन्ही उत्तररेषा समांतर, म्हणून आतल्या दोन कोनांची बेरीज १८०. बंदराकडे ११८, तर दीपगृहाकडे ६२. पण हे ६२ उत्तरेच्या डावीकडे आहेत, म्हणून ३६० − ६२ = २९८.

मोजण्याआधी नुसतं बोट ठेवून विचार, बंदर कुठे दिसतंय? दीपगृह बंदराच्या आग्नेयेला, म्हणजे दीपगृहावरून बंदर वायव्येलाच हवं. उत्तर २७० ते ३६० मध्ये पडायला हवं. २४२ नैर्ऋत्येला जातं, कोनमापक न लावताच बाद.

आणि गिरीश, "नेहमी मिळवायचे" नको. बेअरिंग २४५ असेल तर ४२५ म्हणणार का? १८० पेक्षा कमी असेल तर मिळवा, जास्त असेल तर वजा करा.

गिरीश_नाशिक
मान्य, घाईत लिहिलं. पण मग ७५ का चूक? १४० − ६५ बरोबरच आहे की.

नंदिनी_पॉलिटेक्निक
वजाबाकी बरोबर, पण ६५ ए वर मोजलेत आणि १४० बी वर. एबीसी हा कोन बी वरचा आहे, तेव्हा दोन्ही दिशा बी वर उभं राहूनच हव्यात. बी वरून ए कडे २४५, सी कडे १४०. फरक १०५. एबी रेषा बी च्या पुढे वाढवलीत तर ७५ तिथे सापडेल, पण तो त्रिकोणाबाहेरचा कोन.

एक सवय लाव. इंग्रजी वाक्यात 'फ्रॉम' नंतरच्या अक्षराभोवती गोल करायचा आणि कोनमापकाचा मध्य त्यावरच ठेवायचा. इंग्रजीत ते नाव शेवटी येतं, म्हणून मुलं पहिल्या नावावर कोनमापक ठेवतात. मराठीत "बंदरापासून" आधीच येतं. प्रश्न मराठीत मोठ्याने म्हणायला सांगून बघ.

सायली_रेडिंग
मराठीत म्हणवून बघितलं! "बी पासून" म्हणताच तिने स्वतःच कोनमापक सरकवलं. १०५ आलं. पण पुढच्या मोजणीच्या प्रश्नात बिंदू बरोबर, उत्तररेषाही काढलेली, तरी तिला ३०१ येतंय, छापील २९८.

नंदिनी_पॉलिटेक्निक
दोन बिंदूंमधलं अंतर किती?

सायली_रेडिंग
जेमतेम ३ सेंटीमीटर.

नंदिनी_पॉलिटेक्निक
मग रेषा पट्टीने पुढे वाढवून कोनमापकाच्या काठापर्यंत न्या. ३ सेंटीमीटरवर टोक दीड मिलिमीटर सरकलं तरी ३ अंशांचा फरक पडतो. मोजून काढायच्या उत्तरात साधारण २ अंश इकडेतिकडे चालतात, ३०१ त्याबाहेर जातं. वर्कशीट फोनवर तिरका फोटो काढून छापलेलं नाही ना?

सायली_रेडिंग
मैत्रिणीने पाठवलेल्या फोटोवरूनच छापलंय. मूळ कागद सोमवारी मिळेल, मग पुन्हा मोजून सांगते.

भटका_सह्याद्री
फोटोमुळे कोन बदलतो? कागद लहानमोठा छापला तरी कोन तोच राहतो ना?

नंदिनी_पॉलिटेक्निक
सरळ लहानमोठा केला तर तोच. तिरक्या फोटोत एक बाजू जास्त दबते, तिथे नाही.