तळपायाला कुरूप की चामखीळ? तुम्हाला कसं ओळखता आलं?

मुक्ता_: मुलगा सातवीत आहे. त्याच्या उजव्या चवड्याखाली वाटाण्याएवढं कडक झालंय. औषधाच्या दुकानात कुरूप म्हणून कॉर्न कॅप दिली, सासूबाईंना मात्र ती चामखीळ वाटते. काल पाय धुऊन उजेडात नीट पाहिलं. तळपायाच्या बारीक रेषा त्या जागेपर्यंत येऊन थांबतात आणि बाजूने वळून पुढे जातात. मधे तीन-चार काळसर ठिपके आहेत, टाचणीच्या टोकाएवढे. कॅप अजून लावलेली नाही. ज्यांना यातलं काहीही झालंय त्यांनी आपापला अनुभव लिहा, रेषा आणि ठिपके कसे होते तेही.

शिरीष७१: ठिपके दिसले म्हणजे चामखीळच, डोळे मिटून सांगतो. ती तिची मुळं. माझ्या भावाने नेलकटरने टोकरून काढली होती, पण एखादं मूळ आत राहिलं असणार, कारण महिन्याभरात शेजारी आणखी दोन उगवल्या.

हवालदारीण: माझं कुरूपच होतं, करंगळीच्या बुडाशी. बंदोबस्ताला दिवसदिवस उभं राहायचं आणि बूट पुढे अरुंद. रेषा त्यावरून सरळ जात होत्या, जणू खाली काही नाहीच. डॉक्टरांनी ब्लेडने वरचे पापुद्रे काढत नेले तेव्हा मधे मेणासारखा पिवळट, काचेसारखा कडक खडा दिसला. रक्ताचा थेंबही नाही. तो काढला आणि मी टेबलावरून उतरून सरळ चालले! रुंद बूट घेतले, आत मऊ पॅड ठेवलं. जुने बूट घातले की अजूनही तिथे घट्टा धरतो.

निशिगंध: मानेवर बारीक लोंबत्या चामखिळी आहेत, त्यांना दोरा बांधला तर चालेल का?

त्वचा_ओपीडी: निशिगंध, मानेवरचं ते बहुधा वेगळंच असतं, त्यासाठी वेगळा धागा काढा. दोरा मात्र बांधू नका.

शिरीष, ते ठिपके मुळं नव्हेत. चामखिळीत वरपर्यंत आलेल्या बारीक रक्तवाहिन्यांमध्ये रक्त गोठतं, ते तसं दिसतं. चामखीळ विषाणूमुळे होते. टोकरल्यावर तो आजूबाजूच्या कातडीत शिरतो, भावाच्या शेजारच्या दोन बहुतेक त्यातूनच आल्या.

मुक्ता, तुम्ही रेषा पाहिल्यात ते फार चांगलं केलंत. आमच्याकडेही आधी तेच बघतात. पण वर जाड घट्टा असला की रेषा नि ठिपके दोन्ही झाकले जातात. मग डॉक्टर वरचा थर हलकेच तासतात. चामखीळ असेल तर रक्ताचे बारीक बारीक ठिपके उमटतात. कुरुपातही कधी दाबाने रक्त साकळून काळं दिसतं, पण तो एक डाग असतो आणि तासता तासता निघून जातो. हे तासणं घरी करू नका. घरी इतकंच करा: एकदा वरून सरळ दाबा, एकदा दोन बाजूंनी चिमटीत धरा. कुरूप दाबल्यावर जास्त दुखतं, चामखीळ चिमटीत. आणि डाग तपकिरी-काळा असून पसरत असेल, तर तो दोन्हींपैकी काही नाही असं धरून लगेच दाखवा.

अण्णांची_लेक: मधुमेह असेल तर कॉर्न कॅपच्या वाटेला जाऊ नका. वडिलांच्या तळपायाला संवेदना कमी झाली होती. कॅपमधल्या सॅलिसिलिक अॅसिडने भोवतालची चांगली कातडी पांढरी होऊन सोलली तरी त्यांना कळलं नाही. मोज्याला ओल लागली तेव्हा मी पाहिलं. कुरूप राहिलं बाजूला, ती जखम भरायलाच कितीतरी आठवडे गेले.

पोहणारा_पक्या: माझ्या टाचेवर चामखिळींचा पुंजका होता, एकमेकींना चिकटून. द्रव नायट्रोजनने दर तीन आठवड्यांनी गोठवायचे. दोन दिवस टाच टेकवत नसे, फोड यायचा, पुन्हा ठिपके दिसायचे. कंटाळून सोडून दिलं आणि पुढच्या उन्हाळ्यात त्या आपसूक गेल्या. गोठवण्याचा परिणाम उशिरा झाला की जायच्याच होत्या, देव जाणे.

त्वचा_ओपीडी: दोन्ही शक्य आहे. मुलांमध्ये तर बऱ्याचदा आपोआप जातात, म्हणून दुखत नसेल तर थांबायलाही हरकत नसते. ठिपके नाहीसे होऊन रेषा पुन्हा सलग दिसायला लागल्या की गेली समजायचं.

मुक्ता_: आत्ताच करून पाहिलं. चिमटीत धरल्यावर ओरडला, दाबल्यावरही ‘आई गं’ म्हणाला, पण कमी. शनिवारी त्वचारोगतज्ज्ञांकडे जातोय. तोवर त्याला पोहायला पाठवावं का?

पोहणारा_पक्या: वॉटरप्रूफ पट्टी लावून मी जात होतो. काठावर, शॉवरपाशी चप्पल घालायची, टॉवेल वेगळा.

हवालदारीण: मी तर शनिवारपर्यंत नसतं पाठवलं. पट्टी पाण्यात सुटते, आणि तिथे बाकीची पोरंही अनवाणीच असतात.