मदत हवी आहे: परदेशी जायचंय, रजेचा अर्ज दोनदा परत आला

निळी_चादर
रजेचा अर्ज दोनदा परत आलाय. दोन्ही वेळा पोर्टलवर एकच ओळ: `Travel details incomplete`. सगळं लिहिलंय हो! ठिकाण व्हिएतनाम, २७ ते ३० जानेवारी. साहेबांनी रजा मंजूर केली, सिक्युरिटीवाले अडवून बसलेत. तिकिटं काढून झालीत. अजून काय लिहून पाहिजे यांना?

जुनी_मिल
ठिकाण लिहायचंच कशाला बे? 'घरगुती कार्यक्रम' टाकायचं, विषय संपला. मी दुबई असंच उरकलं.

लॉगवाला
असले सल्ले देऊ नका. रजा नाकारली तर फार तर वाद होतो, पण ठिकाण लपवल्याचं नंतर उघड झालं तर चौकशी बसते.
ताई, तिकिटावरच्या तारखा काय आहेत? मध्ये थांबा कुठे? आणि लॅपटॉप कुठे असणार?

निळी_चादर
कंपनी पुण्याची, प्रोजेक्ट बँकेचा, मी सोलापुरातून घरूनच काम करते. विमान मुंबईहून २४ ला रात्री १२:४० चं. परत १ फेब्रुवारीला दुपारी. २४-२५ शनिवार-रविवार, २६ ची सुट्टी, म्हणून रजा चारच दिवस. यात चुकलं काय?

सात_रस्ता
२४ ला रात्री १२:४० म्हणजे २३ ची रात्र बरं का! आमचे मेहुणे २४ च्या रात्री जेवूनखाऊन विमानतळावर पोचले होते. विमान आदल्या रात्रीच गेलेलं.

लॉगवाला
चुकलं ते इथेच. रजा चार दिवसांची, पण तुम्ही देशाबाहेर नऊ दिवस आहात. रजेचे दिवस एचआरला लागतात, पगारासाठी. सिक्युरिटीला फक्त एवढंच कळायला हवं की कोणत्या दिवशी तुम्ही भारतात नाही. आमच्या ऑफिसात ही यादी माझ्याकडेच येते. समजा २५ ला हनोईत तुमच्या फोनवर ऑफिसचा मेल उघडला. यादीत तुम्ही २७ पर्यंत सोलापुरात. मग आमच्या स्क्रीनवर ते खातं चोरीला गेल्यासारखंच दिसतं, आणि आम्ही ते बंद करतो.
थांब्याचं राहिलं.

निळी_चादर
सिंगापूर. जाताना दोन तास, येताना ३१ च्या रात्री अकरा तास. पण विमानतळाबाहेर पाऊलसुद्धा टाकणार नाही!

जुनी_मिल
शिक्का नाही तर देश नाही. सिंगापूर लिहायची गरज नाही. आणि फोनवर व्हीपीएन लावा, कुणाला कळतंय?

लॉगवाला
शिक्का इमिग्रेशनचा विषय आहे. अकरा तास बसून तुम्ही वायफाय वापरणार ते सिंगापूरचंच. काही कंपन्या नुसता थांबा धरत नाहीत हे खरं, त्यामुळे तुमच्या पॉलिसीतलं वाक्य एकदा वाचा. नाहीच सापडलं तर लिहून मोकळं व्हा. बाहेरचं व्हीपीएन लावलंत तर उलट तेच आधी दिसतं.

गुरुजी_मोहोळ
मी जिल्हा परिषदेत शिक्षक. नेपाळला पासपोर्ट लागत नाही, मग परवानगी तरी का घ्यायची?

सात_रस्ता
गुरुजी, पासपोर्ट लागत नाही म्हणून नेपाळ आपला तालुका होत नाही. पण तुमचे नियम वेगळे, वेगळा धागा काढा.

लॉगवाला
ताई, लॅपटॉप?

निळी_चादर
अरे हो. २२ च्या रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसने निघणार, शुक्रवारी डोंबिवलीला मावशीकडून काम करणार, तिथूनच विमानतळ. म्हणजे लॅपटॉप सोबतच असेल. 😬

लॉगवाला
मग तो मावशीकडे कुलपात ठेवा आणि अर्जात तसं सांगा. परत येताना विसरू नका, सोमवारी २ तारखेला लॉगिन करायचंय. रजेच्या शेऱ्यात एवढंच पुरे:

"रजा २७ ते ३० जानेवारी. भारताबाहेर २४ जानेवारी (रात्री १२:४०) ते १ फेब्रुवारी. २४ ला सिंगापूरमार्गे व्हिएतनाम. परतताना ३१ जानेवारी ते १ फेब्रुवारी सिंगापूर थांबा. कारण वैयक्तिक. ऑफिसचा लॅपटॉप भारतातच राहील."

हॉटेल, सोबत कोण, हे मागितल्याशिवाय देऊ नका. शेरा टीममधले सगळे वाचू शकत असतील तर देशाचं नाव सिक्युरिटीच्या वेगळ्या फॉर्ममध्ये टाका आणि इथे फक्त त्याचा नंबर. विमान बदललं तर निघण्याआधी कळवा.

जुनी_मिल
एवढं कुणी वाचत नाही हो. उगाच घाबरवताय पोरीला.

निळी_चादर
भरला. आता `Under review` दिसतंय, म्हणजे परत तरी नाही आला. पण साहेब म्हणाले, "फोनवर टीम्सला असशील ना?" आता यांना काय सांगू?

लॉगवाला
साहेबांना म्हणा, सिक्युरिटीकडून तसं लेखी घ्या. मिळेपर्यंत ऑफिसचं खातं फोनवरून काढून ठेवा.

जुनी_मिल
आणि साहेबांनी तोंडीच सांगितलं तर?

सात_रस्ता
शेंगाचटणी नेताय ना? डबा चेक-इन बॅगेत टाका, तेल सुटतं.